कलम नऊ आणि चोवीस गाद्या

मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. कागदावर मात्र मी फार शूर आहे. भाजीवाल्या मावशीने न मागता पिशवीत मेथीची जुडी कोंबली तर मी ती घरी घेऊन येते आणि नवऱ्याला सांगते, ताजी दिसली म्हणून घेतली. पार्लरमधल्या मुलीने केस हवे त्याहून चार बोटं आखूड कापले तरी मी आरशात बघून "छान" म्हणते आणि घरी येऊन रडते. अशा बाईला खंडाळ्यातल्या एका हॉटेलने खरेदी सांभाळायला ठेवलं आहे. खरेदी विभाग म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, मी, आणि स्टोअरची किल्ली.

त्याआधी बारा वर्षं मी तळेगावच्या एका कारखान्यात परचेसमध्ये होते. तिथे माझा दरारा होता, असं मी अजून लोकांना सांगते. खरं म्हणजे तिथे सगळा कारभार ईमेलवर चालायचा आणि एकाही सप्लायरचं तोंड मला दिसत नसे. तोंड दिसत नसलं की मी कोणालाही काहीही लिहू शकते.

हॉटेलात आल्यावर पहिल्याच महिन्यात मी सगळ्या ऑर्डरींसाठी दोन पानी करारनामा तयार केला. तोवर इथे सगळं फोनवर चालायचं. कारखान्यातल्या जुन्या नमुन्यावरून मी दहा कलमं काढली आणि त्यांचं मराठी केलं. त्यातलं नववं माझं लाडकं. "ठरलेल्या तारखेपर्यंत माल न मिळाल्यास, न मिळालेल्या मालापुरती ऑर्डर लेखी कळवून रद्द करण्याचा अधिकार खरेदीदारास राहील. मुदतवाढ दिल्यास ती लेखीच असावी." हे वाक्य छापून आलं तेव्हा मी ते दोनदा मोठ्याने वाचलं होतं. आमच्या मालकीणबाई पूर्वी बँकेत अधिकारी होत्या. त्यांनी करारनामा चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "चांगला आहे. आता वापरायची हिंमत ठेव." मला वाटलं, गंमत करतायत.

तर गाद्या. वरच्या मजल्यावर बारा खोल्या, प्रत्येक खोलीत दोन पलंग, आणि त्या पलंगांवरच्या गाद्यांना मधोमध खड्डे पडलेले. पाहुणे सकाळी कंबर धरून नाश्त्याला यायचे आणि हवा थंड आहे म्हणून कंबर धरली असं आम्ही त्यांना पटवायचो. अशात महिनाअखेरीला एका लग्नासाठी वरचा सगळा मजला बुक झाला. मुलीचे वडील लोणावळ्याला रेल्वेत नोकरीला होते. लग्न त्यांच्याकडे बौद्ध पद्धतीने, साधं, लोणावळ्यातल्याच एका हॉलमध्ये होतं. पण मुलाकडची मंडळी दोन रात्री आमच्याकडे उतरणार होती. बुकिंग करताना ते गृहस्थ एका पलंगावर बसले, खड्ड्यात गेले, उठले, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, जेवणात एखादा पदार्थ कमी झाला तर चालेल. पण व्याह्यांकडची माणसं नीट झोपली पाहिजेत. ती एक गोष्ट माझी मुलगी पुढची तीस वर्षं ऐकत बसेल."

मी म्हटलं, "नव्या गाद्या येतायत. तुम्ही बिनघोर राहा." मालकीणबाईंनी मंजुरी दिलेली होती, त्यामुळे हे अर्धं खरं होतं.

गाद्यांसाठी मी सोमाटण्याच्या चाचांकडे गेले. चाचांचे वडील आमच्या गावी दारोदार कापूस पिंजायला यायचे. मी लहानपणी आमच्या अंगणात बसून त्यांच्या धनुकलीचा आवाज ऐकलेला आहे. चाचांनी पुढे सोमाटण्यात हमरस्त्यापासून थोडं आत वर्कशॉप टाकलं. आता ते फोमच्या गाद्या करतात, शिलाईची दोन मशिनं आहेत, हाताखाली चार माणसं आहेत. आमचे पलंग इथल्याच सुताराने अंदाजपंचे केलेले असल्यामुळे त्यांचं माप बाजारातल्या कुठल्याच तयार गादीला जुळत नाही. चाचा स्वतः येऊन टेप लावून माप घेऊन गेले. पंधरा तारीख ठरली. मी करारनामा पुढे केला. चाचांनी तो न वाचता सही केली आणि म्हणाले, "तुमी लिवलंय म्हंजे बराबरच असंल, ताई." पैसे माल पोचल्यावर, आगाऊ काही नाही, असं ठरलं.

आणि मग, काम झालंच आहे असं समजून, मी जुन्या गाद्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. टेम्पो दारात आलाच होता. वरच्या मजल्यावर चोवीस पलंग फळ्यांसकट उघडे पडले. मला ते फार स्वच्छ वाटलं.

बारा तारखेला चाचांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. एका मशिनची मोटार जळाली होती. "ताई, दोनचार दिवस म्हागंफुडं होईल. चालंल का?"

आता कारखान्यातली मी असते तर लिहिलं असतं: अठरा तारखेपर्यंत मुदत वाढवून देत आहोत, त्यानंतर नाही. एवढं वाक्य पुरलं असतं. पण मला चाचांचा चेहरा दिसला. धनुकली खांद्यावर घेतलेले त्यांचे वडील दिसले. माणसाची मोटार जळाली आहे आणि आपण तारखा सांगायच्या? आमच्याकडे पंगतीत वाढणारा पाहुण्याला म्हणतो ना, तसं माझ्या बोटांनी आपोआप लिहिलं, "काही हरकत नाही चाचा. सावकाश होऊ द्या." पुढे हात जोडल्याचं चित्र. मोठ्या मनाने वागल्याचं समाधान मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरलं.

पंधरा गेली. सोळा गेली. सतरा तारखेला चाचा कुठल्याशा कामाने खंडाळ्यात आले होते, ते आमच्या हॉटेलात डोकावले. मी त्यांना बसवलं, चहा मागवला, बिस्किटं मागवली. त्यांच्या नातवाच्या दहावीची चौकशी केली. मोटारीची केली. गाद्यांची मात्र केली नाही. विचारलं तर त्यांना टोचल्यासारखं होईल, त्यापेक्षा ते आपण होऊन सांगतीलच, असा माझा हिशोब. त्यांचा हिशोब असा की ताई गाद्यांचं नावसुद्धा काढत नाहीत म्हणजे खरंच घाई नाही. आम्ही दोघांनी सुरेख चहा प्यायला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आले. बरोबर पेढे. "सहज वर एक नजर टाकून जातो," म्हणाले. मी चावी सापडत नसल्याचं नाटक केलं. चावी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राला लटकत होती. ती त्यांनीच दाखवली.

वरच्या मजल्यावर त्यांनी एक दार उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. उघड्या फळ्या. त्यांनी एका फळीवर हात फिरवला आणि दार हळूच ओढून घेतलं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. खाली उतरताना जिन्यात थांबून त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, मी दुसरीकडे बघू का? आता सांगितलंत तर अजून वेळ आहे."

"छे छे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मला नाही म्हणता येत नाही.

हे सगळं मालकीणबाईंनी काउंटरवरून ऐकलं होतं. त्यांनी मला आत बोलावलं. "गाद्या कुठे आहेत?"

"येतायत."

"कुठून? काशीहून?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चाकणला फोम कापून देणारा एक कारखाना आहे. आपल्या मापाने चार दिवसांत देतो. पण मी दोन ठिकाणी ऑर्डर ठेवणार नाही. अठ्ठेचाळीस गाद्या येऊन पडल्या तर तू झोपणार आहेस का त्यांच्यावर? आधी सोमाटण्याची ऑर्डर रीतसर रद्द कर. कलम नऊ आहे ना तुझं?"

कलम नऊ! मी जागेवर जाऊन बसले आणि मनातून, कबूल करते, आनंदले. अखेर तो दिवस आला होता. आणि पत्र लिहायचं होतं, बोलायचं नव्हतं.

दोन तास खपून मी पत्र लिहिलं. त्याची प्रत अजून माझ्याकडे आहे, पण ती मी कोणाला दाखवत नाही. सुरुवात चाचांच्या व कुटुंबीयांच्या प्रकृतीची विचारपूस करून. दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या तीन पिढ्यांच्या कसबाचा गौरव. तिसऱ्यात, "तथापि काही अपरिहार्य परिस्थितीत, उभयतांमधील करारनाम्याच्या कलम नऊचा अत्यंत संकोचाने आधार घेऊन, सदर ऑर्डरीबाबत पुढे न जाण्याचा विचार करणे भाग पडत आहे, याबद्दल मनापासून खेद वाटतो." चौथ्यात पुढच्या कामांसाठी शुभेच्छा. शेवटी "लोभ असावा." वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. हॉटेलचा ड्रायव्हर तळेगावला चाललाच होता, त्याच्याकडे लिफाफा दिला आणि चाचांच्या मोबाइलवरही फोटो पाठवला. आपण एका म्हाताऱ्या माणसाचं मन न दुखवता त्याची ऑर्डर कशी रद्द केली, हे मी रात्री जेवताना नवऱ्याला सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, "वा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा हजर. पण ते हसत होते. लिफाफा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता.

"ताई, पत्र लय झ्याक लिवलंय," ते खुर्चीवर बसत म्हणाले. "घरात सगळ्यास्नी वाचून दावलं. माज्या बाचं नाव निगालं तवा माजी भन रडली. आता येक सांगा, गाद्या येकदम आणू का दोन खेपा करू?"

मी काय उत्तर दिलं असेल? मी चहा मागवला.

सुदैवाने किंवा दुर्दैवाने मालकीणबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे करून पत्र मागितलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. "हे रद्द केल्याचं पत्र आहे की सत्काराचं मानपत्र?" त्या मला म्हणाल्या. मग चाचांकडे वळल्या. "चाचा, हिने यात तुमची ऑर्डर रद्द केली आहे."

चाचांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी पत्र परत घेतलं, तिसरा परिच्छेद बोटाने शोधला, ओठ हलवत वाचला. "ह्ये? ह्याचा अर्त त्यो व्हय?"

"तारीख पंधरा होती," मालकीणबाई म्हणाल्या. "आज एकोणीस आहे."

"पर ताईंनीच सांगितलंतं ना." चाचांनी खिशातून फोन काढला, बराच वेळ अंगठा फिरवला आणि तो मालकीणबाईंपुढे धरला. बारा तारखेचा तो मेसेज. सावकाश होऊ द्या. हात जोडल्याचं चित्र. "मोटार दोन दिसात दुरुस्त झालती. पर ताई म्हनल्या सावकाश, म्हून आमी हिंजवडीच्या होस्टेलचं काम आदी घेतलं. त्यांची लय घाई हुती. तुमचं नसंल घाईचं तर त्यांचं उरकून घिऊ म्हनलं. परवा हितं येऊन गेलो, च्या प्यालो, तवाबी ताई कायबी बोलल्या न्हाईत."

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बँकेत कर्ज बुडवणाऱ्याकडे त्या कशा पाहत असतील ते मला त्या दिवशी समजलं.

चाचांना चहाजवळ बसवून त्यांनी मला केबिनमध्ये नेलं. "मुदतवाढ कशी द्यायची, काय लिहिलंयस तू?"

"लेखीच."

"हे लेखी आहे का?"

"व्हॉट्सॲप आहे..."

"म्हणजे लेखी आहे. त्याने दोनचार दिवस मागितले, तू शेवट न सांगता मोकळं सोडलंस. पंधरा तारीख आपणच सोडून दिली. आता ती चुकवली म्हणून रद्द करता येत नाही. तुझं हे पत्र कागद म्हणूनही चुकीचं आहे आणि माणसाला समजत नाही म्हणूनही चुकीचं आहे." मग त्या म्हणाल्या, "हे मागे घे. नवी, शेवटची तारीख लेखी दे, त्याला जमण्यासारखी दे. ती चुकली तर जेवढ्या गाद्या आल्या नाहीत तेवढ्यांपुरतं कलम नऊ. चार ओळी लिही. आणि त्यात कोणाचे वडील आणू नकोस."

ज्या कलमाचा मला एवढा गर्व होता, त्यातलं दुसरं वाक्य मीच लिहिलं होतं आणि मीच मोडलं होतं. तेही अत्यंत सभ्यपणे.

बाहेर आले तेव्हा चाचांनी बिस्किटाला हात लावलेला नव्हता. मी समोर बसले. आता बोलायलाच हवं होतं, आणि मी बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनीच सुरुवात केली.

"ताई, मला ऑर्डर गेल्याचं येक वाईट वाटलं. पर दुसरं जास्ती वाटलं. मी हितं ह्याच खुर्चीत बसलोतो. तुमी तोंडावर म्हनला असता, चाचा, गाद्या कुटं हायेत, नाय आल्या तर मी दुसरीकडून घेनार, तर मी त्याच दिशी जाऊन होस्टेलचं काम बाजूला ठेवलं असतं. तुमी बिस्किट दिलंत."

या वाक्यावर मला जे वाटलं ते साध्या शब्दांत सांगते. मला लाज वाटली. मी त्यांचं मन जपत नव्हते. मी स्वतःला त्यांच्या चेहऱ्यापासून वाचवत होते, आणि त्याला चांगुलपणा म्हणत होते.

मी त्यांना मुलीच्या वडिलांचं सांगितलं. उघड्या फळ्यांचं, जिन्यातल्या प्रश्नाचं. चाचा ऐकत राहिले. मग म्हणाले, "वऱ्हाड कवा येनार?"

"तीसला. एकोणतीसला सगळं लागलेलं हवं."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "समदं जमंल आसं मी म्हननार न्हाई. खोळी समद्या शिवून तयार हायेत. पर फोमवाल्याकडनं अर्दाच फोम आलाय. तुमी तारीक लिवा. हुतील तेवड्या आणतो."

मी त्यांच्यासमोरच चार ओळी लिहिल्या. आधीचं पत्र मागे घेत आहे. नवी शेवटची तारीख गुरुवार, संध्याकाळी पाचपर्यंत, हॉटेलच्या स्टोअरमध्ये. तोपर्यंत जितक्या गाद्या येतील तितक्या स्वीकारू. न आलेल्या गाद्यांपुरती ऑर्डर कलम नऊप्रमाणे रद्द समजावी, तसं वेगळ्या पत्राने कळवू. चाचांनी दुसऱ्या प्रतीवर "मिळाले" लिहून सही केली. या वेळी त्यांनी सही करण्याआधी पूर्ण वाचलं, आणि नववं कलम काय आहे तेही मला वाचून दाखवायला लावलं.

जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "फोमवाल्याला आसंच पत्र देता येईल का? त्यो बी उशीर करतोय."

"येईल की. तुमचं काय ठरलंय त्याच्याशी?"

चाचा जरा चाचरले. "ठरलं तर हुतं सोमवारचं. मंग त्याचा फोन आला, गाडी न्हाई म्हनून. मी म्हनलं..."

"काय म्हणालात?"

"म्हनलं, असू द्या. सावकाश पाटवा."

आम्ही दोघंही हसलो. मालकीणबाई आतून ओरडल्या की हसण्यासारखं काहीही झालेलं नाही, आणि ते खरं होतं.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला चाचांचा टेम्पो आला. चौदा गाद्या. चाचांनी आणि त्यांच्या माणसांनी त्या स्वतः वर चढवून पलंगांवर टाकल्या. एकही बोटभर कमी-जास्त नाही. त्यांनी एका गादीवर तळहात दाबून मला दाखवलं, गादी परत वर आली. "बाकीच्या?" मी विचारलं. मी विचारलं, हे इथे मुद्दाम नोंदवते. त्यांनी मान हलवली. फोम आला नव्हता.

पाच वाजेपर्यंत मी फाटकाकडे बघत बसले. कशासाठी, ते माहीत होतं. टेम्पो पुन्हा येईल, दहा गाद्या येतील आणि मला काही बोलावं लागणार नाही. टेम्पो आला नाही.

शुक्रवारी सकाळी मी तिसरं पत्र लिहिलं. मालकीणबाईंनी त्यात एक ओळ घालायला सांगितली, शिवलेल्या दहा खोळी आपण घेऊ. चाकणवाला नुसता कापलेला फोम देणार होता, त्याला खोळ लागणारच होती, आणि चाचांच्या खोळी आमच्याच मापाच्या. त्या दुसऱ्या कुठे खपल्या नसत्या. पत्राचा मुख्य भाग तीन वाक्यांचा झाला. "गुरुवार सायंकाळी पाचपर्यंत दहा गाद्या मिळाल्या नाहीत. करारनाम्यातील कलम नऊप्रमाणे त्या दहा गाद्यांची ऑर्डर आम्ही रद्द करत आहोत. दिलेल्या चौदा गाद्या उत्तम आहेत, त्यांचे पैसे ठरल्याप्रमाणे मिळतील." खाली "आपली नम्र" ठेवलं. तेवढं मालकीणबाईंनी काढायला सांगितलं नाही.

ड्रायव्हर म्हणाला, "द्या, मी जाताजाता टाकतो." मी एक क्षण लिफाफा त्याच्यासमोर धरलाही होता. मग परत घेतला आणि त्याच्या शेजारी गाडीत बसले. घाट उतरायचा नव्हता, जुन्या हायवेने वडगाव, मग सोमाटणे, एवढंच. तरी वाटेत मी निदान चार वेळा ठरवलं की पत्र देऊन लगेच निघायचं, आणि पाचव्यांदा ठरवलं की त्यांच्या बहिणीकडे द्यायचं.

चाचा वर्कशॉपच्या दारातच होते. आत मशीन चालू होतं. त्यांनी मला बघितलं, माझ्या हातातला लिफाफा बघितला, आणि मागे वळून आवाज दिला, "च्या टाका."

"चाचा, चहा नंतर," मी म्हटलं. माझा आवाज माझ्याच ओळखीचा वाटेना. "आधी बोलते. राहिलेल्या दहा गाद्यांची ऑर्डर मी रद्द करतेय. काल पाचची वेळ ठरली होती. मला त्या लग्नासाठी हव्यात, म्हणून दुसरीकडून घेतेय. खोळी तुमच्याच घेणार आहे."

एवढंच. कुणाची तब्येत नाही, कुणाचं कसब नाही. मला वाटलं होतं की असं बोलल्यावर काहीतरी मोठं होईल. मशीन चालू राहिलं. बाहेर रस्त्यावर एक एसटी थांबली आणि निघून गेली.

चाचांनी पत्र उघडलं, उभ्यानेच वाचलं. ते वाचायला त्यांना फार वेळ लागला नाही. "बराबर हाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात नाराजी होती आणि त्यांनी ती लपवली नाही. मला ते आवडलं. खिशातून पेन काढून त्यांनी माझ्या प्रतीवर लिहिलं, "मिळाले", सही केली, तारीख घातली. मग घड्याळात बघून वेळही घातली, जी मी मागितलेली नव्हती.

मी तिथूनच, त्यांच्यासमोर, चाकणला फोन करून ऑर्डर दिली. पोचवण्याची तारीख सांगितली, सोमवार. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, सोमवार संध्याकाळ किंवा मंगळवार?" चाचा माझ्याकडे बघत होते. "सोमवार दुपारी बारा," मी म्हटलं, "लेखी पाठवते." मुलीच्या वडिलांनाही मी तिथूनच फोन केला. चौदा गाद्या आल्या आहेत, दहा सोमवारी येणार आहेत, सोमवारी बारा वाजता तुम्ही स्वतः येऊन बघा, असं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही तारीख सांगितलीत. आता मी झोपतो."

चहा आला. स्टीलच्या पेल्यातला, आल्याचा, चिकार साखर घातलेला. मी निघायच्या घाईत होते. अवघड बोलून झालं की माणसाला तिथून पळायचं असतं. मी उभ्याउभ्याच पेला तोंडाला लावला आणि जीभ पोळून घेतली.

चाचांनी गाद्यांच्या थप्पीवरचं कापड झटकून मला बसायला जागा केली.

"बसा की ताई," ते म्हणाले. "काम झालं न्हवं? आता सावकाश होऊ द्या."